टाकी फुल ते टाकी फुल : दुचाकीच्या पेट्रोलचा महिन्याचा हिशेब

पंपावर दुचाकीवाल्यांची भाषा पैशांची असते. ‘दोनशेचं टाका’, ‘पाचशेचं टाका’. लिटर किती पडले, हे फारसं कोणी बघत नाही. त्यामुळे ‘गाडी किती ॲव्हरेज देते?’ असं विचारलं की उत्तर अंदाजाने येतं, आणि बहुतेकदा शोरूममध्ये ऐकलेला आकडाच तेव्हा आठवतो. खरा आकडा काढायला चार-पाच नोंदी पुरतात. मात्र त्या ठरावीक पद्धतीने घ्याव्या लागतात.

मूळ अडचण अशी की टाकीत या क्षणी किती पेट्रोल आहे, हे आपल्याला मोजता येत नाही. काट्यावरून किंवा डिजिटल पट्ट्यांवरून नुसता अंदाज येतो. खात्रीने ओळखता येणारी पातळी एकच, ती म्हणजे टाकी फुल. आज टाकी फुल केली, गाडी चालवली आणि पुन्हा फुल केली, तर दुसऱ्या वेळी जितकं पेट्रोल बसलं तितकंच मधल्या अंतरात जळलं. सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

उदाहरणासाठी पुण्यात रोज ऑफिसला जाणारी ११० सीसीची स्कूटर घेऊ. टाकी साधारण पाच लिटरची, पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये धरू. जून महिन्याची वही अशी दिसेल:

| तारीख | ओडोमीटर | लिटर | रुपये | फुल? |
|---|---|---|---|---|
| १ जून | १८२४० | ३.९० | ४०५.६० | हो |
| ९ जून | १८४१२ | ३.८२ | ३९७.२८ | हो |
| १५ जून | १८५३० | १.९२ | २००.०० | नाही |
| १९ जून | १८६१८ | २.७१ | २८१.८४ | हो |
| ३० जून | १८७९५ | ४.३१ | ४४८.२४ | हो |

पहिल्या ओळीतले ३.९० लिटर हिशेबात धरायचे नाहीत. ते मे महिन्यात जळलेल्या पेट्रोलच्या जागी आले. १ जूनच्या नोंदीतून आपल्याला फक्त सुरुवातीचं रीडिंग हवं आहे. ९ जूनला अंतर झालं १७२ किलोमीटर, पेट्रोल बसलं ३.८२ लिटर, म्हणजे ॲव्हरेज ४५.

आता १५ तारखेची ओळ बघा. त्या दिवशी घाईत दोनशेचंच टाकलं, टाकी फुल झाली नाही. तरीही कोणी भागाकार केला तर ११८ किलोमीटरला १.९२ लिटर, म्हणजे ॲव्हरेज ६१ आणि आनंदीआनंद! मग १९ तारखेला ८८ किलोमीटरला २.७१ लिटर, म्हणजे जेमतेम ३२, आणि गाडी थेट मेकॅनिककडे. दोन्ही आकडे खोटे आहेत. अर्धवट भरणं नुसतं लिहून ठेवायचं आणि पुढची टाकी फुल होईपर्यंत थांबायचं. ९ ते १९ जून या काळात २०६ किलोमीटर झाले आणि पेट्रोल लागलं १.९२ अधिक २.७१, म्हणजे ४.६३ लिटर. ॲव्हरेज निघालं ४४.५. गाडीला काहीही झालेलं नाही.

मोबाइलवर किंवा संगणकावर शीटमध्ये नोंद ठेवणार असाल तर A मध्ये तारीख, B मध्ये ओडोमीटर, C मध्ये लिटर, D मध्ये रुपये, आणि E मध्ये टाकी फुल असेल तर Y, नसेल तर N लिहा. शीर्षकं पहिल्या ओळीत ठेवली तर १ जूनची नोंद दुसऱ्या ओळीत येते. मग F3 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढत न्या:

```
=IF(E3="Y",(B3-MAXIFS(B$2:B2,E$2:E2,"Y"))/SUMIFS(C$2:C3,B$2:B3,">"&MAXIFS(B$2:B2,E$2:E2,"Y")),"")
```

हे सूत्र मागची फुल टाकी शोधतं, तिथपासूनचं अंतर घेतं आणि मधले सगळे लिटर, अर्धवट भरलेलेसुद्धा, एकत्र करून भागतं. महिन्याचं ॲव्हरेज आणि दर किलोमीटरचा खर्च यांची सूत्रं त्याहून सोपी आहेत:

```
=(B6-B2)/SUM(C3:C6)
=SUM(D3:D6)/(B6-B2)
```

एकूण ५५५ किलोमीटर, १२.७६ लिटर, १३२७.३६ रुपये. म्हणजे ॲव्हरेज ४३.५ आणि किलोमीटरला २ रुपये ३९ पैसे. महिन्याचं ॲव्हरेज काढताना एकेका वेळच्या आकड्यांची सरासरी काढू नये. एकूण अंतराला एकूण लिटरने भागावं. जास्त पेट्रोल लागलेल्या टप्प्याचं वजनही जास्त असायला हवं, ते साध्या सरासरीत हरवतं.

हे दोन आकडे वेगवेगळं सांगतात. ॲव्हरेज गाडीबद्दल आणि चालवणाऱ्याबद्दल बोलतं, तर किलोमीटरच्या खर्चात पेट्रोलचा दरही मिसळलेला असतो. २०१७च्या जूनपासून देशभर पेट्रोलचे दर रोज ठरतात, त्यामुळे गाडी तशीच असून खर्च वाढू शकतो. म्हणून लिटर आणि रुपये दोन्ही पावतीवरून लिहावेत. शिवाय २.३९ हा फक्त पेट्रोलचा खर्च आहे. सर्व्हिसिंगला दर तीन हजार किलोमीटरला दीड हजार लागत असतील, तर किलोमीटरमागे आणखी ५० पैसे धरायला हवेत.

३० जूनचा आकडा मात्र खटकतो. १७७ किलोमीटरला ४.३१ लिटर, ॲव्हरेज ४१. काळजी करायची का? माझं मत, एवढ्यावरून नाही. नोझल आपोआप बंद होण्याची वेळ दर पंपावर थोडी मागेपुढे असते. स्कूटर मेन स्टँडवर आहे की साइड स्टँडवर कलली आहे, यानेही टाकीतली पातळी बदलते. समजा, १९ तारखेला टाकी ०.२ लिटर कमी भरली होती. ती तूट ३० तारखेला भरून निघाली असेल, तर खरं ॲव्हरेज ४३ येतं आणि त्याआधीचं ४४.५ उतरून ४२.७ होतं. भरण्यातली चूक ही अशी असते : एक आकडा वर जातो, लगतचा खाली. महिन्याच्या बेरजेत मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली. म्हणूनच एका टाकीपेक्षा महिन्याच्या आकड्यावर जास्त विसंबावं.

ही चूक कमी करायची तर शक्यतो एकाच पंपावर, मेन स्टँडवर, नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून थांबेल तिथे थांबावं. त्यापुढे गळ्यापर्यंत पेट्रोल ओतून घेऊ नये. वरची रिकामी जागा पेट्रोल तापून फुगतं त्यासाठी ठेवलेली असते. जुन्या काट्याच्या मीटरवर आणखी एक जपायचं. शेवटचा वेगळ्या रंगाचा आकडा किलोमीटरचा दहावा भाग असतो. तो पूर्ण किलोमीटर म्हणून लिहिला तर अंतर दहापट होतं.

सलग दोन-तीन फुल टाक्यांना आकडा खालीच राहिला तर मात्र कारण शोधावं. आधी टायरमधली हवा तपासा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मोकळं राहणारं चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज करत ते लगेच थांबलं, तर ब्रेक चिकटतो आहे. त्यानंतर एअर फिल्टर. हे सगळं ठीक असेल तर पावसाळ्यातली कोंडी आणि थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्या यांचा विचार करा. त्यासाठी वहीत शेऱ्याचा एक रकाना ठेवलेला असला की ‘हवा भरली’, ‘आठवडाभर पाऊस’ एवढे दोन शब्दही पुढे उपयोगी पडतात.

महिना नेमका ३० तारखेला संपवण्याचा अट्टहास नको. टाकी २८ तारखेला फुल झाली तर महिना तिथेच संपवावा आणि तेच रीडिंग जुलैच्या पहिल्या ओळीत उतरवावं. त्या ओळीतले लिटर जूनमध्ये धरून झालेले असतात, जुलैचे लिटर तिच्या खालच्या ओळीपासून मोजायचे.