एका फोनमध्ये घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर: कॉल, मेसेज आणि डेटा कुठल्या सिमवर ठेवायचा?



धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या, हे आपण व्हिडिओमध्ये बोललो. पण नंबर घेतला, सिम टाकलं आणि फोनमधलं सेटिंग तसंच सोडलं, तर वेगळ्या नंबरचा उपयोग आठवड्याभरात संपतो. ग्राहक धंद्याच्या नंबरवर फोन करतो, तुम्ही परत फोन लावता तो घरच्या नंबरवरून, आणि तो तोच नंबर सेव्ह करतो. मग रात्री दहाला ऑर्डरचे फोन पुन्हा घरच्याच नंबरवर!

म्हणून आज एकच उदाहरण घेऊन सगळं नीट लावूया. समजा, तुमचा मसाले आणि लोणच्यांचा घरगुती धंदा आहे. जुना नंबर दहा-बारा वर्षांचा आहे. बँक, आधार, यूपीआय, गॅस, शाळा, सगळीकडे तोच दिलेला आहे. आता ग्राहकांसाठी नवा नंबर घ्यायचा आहे. फोन एकच.

आधी ठरवा: ई-सिम कुठल्या नंबरचं करायचं?

फोनमध्ये दोन सिमची जागा असेल तर साधं सिम टाका, काही बिघडत नाही. पण बऱ्याच फोनमध्ये दुसरा खण सिम आणि मेमरी कार्ड मिळून एकच असतो. दुसरं सिम टाकायचं तर कार्ड काढावं लागतं. तिथे ई-सिम कामाला येतं. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. कंपनी त्यात तुमचा नंबर इंटरनेटवरून उतरवते.

तुमच्या फोनला ई-सिम चालतं का, हे बघायला डायल पॅडवर `*#06#` टाका. आयएमईआय नंबरांबरोबर `EID` नावाचा ३२ अंकी नंबर दिसला, तर चालतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. दुकानात गेल्यावर "जुनाच नंबर ई-सिम करून टाकू" असं कुणी सुचवलं, तर थांबा. चालू नंबरचं सिम बदललं, मग ते साध्या सिमवरून ई-सिम का असेना, की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येणं आणि जाणं बंद ठेवलं जातं. कुणी फसवून तुमच्या नंबरचं सिम काढलं, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून ही काळजी. पण त्याचा फटका तुम्हालाही बसतो. शनिवारी सकाळी जुना नंबर ई-सिम केलात, तर रविवार सकाळपर्यंत बँकेचा ओटीपी येणार नाही. यूपीआय अ‍ॅपने पुन्हा नोंदणी मागितली तर तीही होणार नाही, कारण त्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो. बरं, माल देणाऱ्याचं पेमेंट नेमकं शनिवारीच असतं!

म्हणून आपल्या उदाहरणात जुना, बँकेचा नंबर साध्या सिमवरच राहू द्या आणि नवा नंबर ई-सिम घ्या. यात आणखी एक फायदा आहे. उद्या फोन पडून स्क्रीन गेली, तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम असं काढता येत नाही. ते कंपनीकडून पुन्हा घ्यावं लागतं.

ई-सिम बसवताना

कंपनीच्या दुकानात केवायसी झालं की ईमेलवर क्यूआर कोड येतो. इथे बरेच जण अडकतात: कोड याच फोनच्या ईमेलमध्ये, आणि स्कॅनही याच फोनने करायचा! सोपा उपाय म्हणजे तो ईमेल घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा आणि तुमच्या फोनने स्कॅन करा. त्या वेळी फोन वाय-फायवर ठेवा.

अँड्रॉइडमध्ये बहुतेक ठिकाणी रस्ता असा आहे: `Settings` → `Network & internet` → `SIMs`, आणि तिथे सिम जोडायचा पर्याय. सॅमसंगमध्ये `Settings` → `Connections` → `SIM manager` → `Add eSIM`. आयफोनमध्ये `Settings` → `Mobile Service` → `Add eSIM`. तुमच्या फोनवर शब्द थोडे वेगळे असतील, तर सेटिंगच्या शोधपट्टीत `SIM` टाईप करा, पान सापडतं.

दोन्ही सिमना लगेच नावं द्या, एकाला 'घर', एकाला 'धंदा'. फोनच्या "सिम १, सिम २" मध्ये घाईत हमखास गोंधळ होतो. आणि नंतर कधी नंबर काही दिवस बंद ठेवायचा असेल तर ई-सिम फक्त ऑफ करा, डिलीट करू नका. आधी आलेला क्यूआर बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही. फोन रिसेट करतानाही ई-सिम पुसायचं का असं विचारलं जातं, तिथे नीट वाचून बटण दाबा.

आता तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं

फोन तुम्हाला तीन गोष्टी विचारतो: कॉल कुठून, मेसेज कुठून, डेटा कुठला. तिन्हीचं उत्तर एकच असायला हवं असं अजिबात नाही. आणि एक लक्षात घ्या, हे सगळं बाहेर जाणाऱ्यासाठी आहे. येणारे कॉल आणि एसएमएस दोन्ही नंबरांवर येतातच.

कॉल. अँड्रॉइडवर इथे 'दर वेळी विचार' हा पर्याय निवडा. स्क्रीनवर तो `Ask every time` किंवा तशाच शब्दांत दिसेल. कॉल लावताना 'घर' की 'धंदा' असं विचारलं जाईल. एक बटण जास्त दाबावं लागतं, पण चुकीच्या नंबरवरून फोन जात नाही. आयफोनमध्ये हा पर्याय नाही. तिथे `Default Voice Line` मध्ये एक नंबर ठरवावा लागतो. दिवसभर ग्राहकांनाच जास्त फोन करत असाल तर 'धंदा' ठेवा. घरच्या माणसांच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन त्यांच्यासाठी 'घर' ही लाइन निवडता येते.

मेसेज. इथे आपल्या उदाहरणात 'घर' ठेवा. उलटं वाटेल, पण कारण ऐका. ग्राहकांशी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो, साधा एसएमएस कोण पाठवतं? साधा एसएमएस लागतो तो यूपीआय नोंदणीला, आणि तो बँकेत दिलेल्या नंबरवरूनच गेला पाहिजे. अँड्रॉइडवर अ‍ॅप "कुठलं सिम?" असं विचारतं, तिथे 'घर' निवडा. आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि पाठवायचं बटण तुम्ही दाबता, म्हणून आधी वर कुठली लाइन दिसते ते बघा. नोंदणी सारखी फसत असेल तर दोन गोष्टी तपासा: पाठवलेल्या मेसेजमध्ये तो एसएमएस कुठल्या सिमवरून गेला, आणि त्या सिमच्या प्लॅनमध्ये एसएमएस आहेत का. बऱ्याचदा गडबड इथेच असते.

डेटा. डेटा एका वेळी एकाच सिमचा चालतो. ज्या सिमची रेंज तुमच्या घरी आणि दुकानात चांगली, त्याचा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नव्या नंबरवर सुरू केलं, तरी त्याचे मेसेज जाणार ते डेटा चालू असलेल्या सिममधून, मग ते सिम जुन्या नंबरचं का असेना. नंबर आणि डेटा यांची तिथे गाठ नाही. म्हणजे दोन्ही सिमवर डेटा पॅक घ्यायची गरज नाही. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही आणले आहेत. दुसऱ्या सिमला तसा पॅक पुरतो का, ते बघा.

"तुमचा फोन लागतच नाही हो!"

दोन सिमवाल्यांची ही ठरलेली तक्रार. कारण असं, की बऱ्याच फोनमध्ये दोन्ही सिम एका वेळी फक्त वाट बघत असतात. एकावर बोलणं सुरू झालं की दुसरं सिम तेवढा वेळ नेटवर्कच्या बाहेर जातं. तुम्ही 'घर' वर बहिणीशी दहा मिनिटं बोलताय, तेवढ्यात कुणी पाच किलो मसाल्याच्या ऑर्डरसाठी 'धंदा' वर फोन केला, तर त्याला फोन बंद किंवा संपर्काबाहेर असल्याचं ऐकू येतं. तुमच्याकडे मिस्ड कॉलसुद्धा दिसत नाही. म्हणून गेलेली ऑर्डर कळतही नाही.

उपाय म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. अँड्रॉइडवर फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'धंदा' सिम निवडा, `Call forwarding` मध्ये जा आणि `When unreachable` समोर 'घर' चा नंबर टाका. मग उलटंही करा: 'घर' संपर्काबाहेर असेल तर 'धंदा' वर. शिवाय दोन्हीवर कॉल वेटिंग चालू ठेवा. आता बहिणीशी बोलताना ग्राहकाचा कॉल दुसऱ्या सिमवरून वळून येईल आणि बीप ऐकू येईल. असा वळवलेला कॉल ज्या नंबरवरून वळला, त्याच्या खात्यात आउटगोइंग धरला जातो. म्हणून त्या सिमचा रिचार्ज चालू हवा. आणि हे काम स्वतःच, सेटिंगमधूनच करा. फोनवर कुणी "हा कोड डायल करा" असं सांगितलं तर अजिबात करू नका. फॉरवर्डिंग लावून तुमचे कॉल पळवण्याची ती जुनी युक्ती आहे.

डेटाचंही असंच आहे. डेटा 'घर' वर आणि तुम्ही 'धंदा' वर बोलताय, तर तेवढा वेळ नेट थांबू शकतं. ग्राहक फोनवर असताना क्यूआर पाठवायला जाल आणि तो फिरतच राहील. यासाठी डेटा आपोआप बदलण्याचा पर्याय असतो, आयफोनमध्ये `Allow Mobile Data Switching`. दुसऱ्या सिमवर डेटा पॅक असेल तरच तो चालू करा, नाहीतर काही उपयोग नाही.

शेवटी पाच मिनिटांची चाचणी

घरातले दोन फोन जवळ घ्या आणि एवढं करून बघा:

१. 'धंदा' वरून एका फोनवर कॉल करा. तिथे नवाच नंबर दिसतो का?

२. तो कॉल चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून 'घर' ला कॉल करा. बीप येते का?

३. मग उलटं करा: 'घर' वर बोलताना 'धंदा' ला कॉल.

४. वाय-फाय बंद करून, 'धंदा' वर बोलता बोलता व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवा. जातो का?

५. यूपीआयवरून घरातच कुणाला एक रुपया पाठवा.

दुसरी किंवा तिसरी चाचणी फसली तर फॉरवर्डिंग पुन्हा तपासा. चौथी फसली तर डेटाचं सेटिंग बघा. पाचही नीट झाल्या की मगच नवा नंबर पाकिटांच्या लेबलवर छापायला द्या.