साठेखत झालं, पण जमीन कोणाची?

जुन्नर तालुक्यातल्या एका एकराचा व्यवहार चाळीस लाखांना ठरला, असं समजा. घेणारा पुण्यात नोकरी करणारा, विकणारा गावातला शेतकरी. जानेवारीत दहा लाख देऊन साठेखत झालं आणि उरलेले तीस लाख सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करायचं ठरलं. घेणाऱ्याने घरी पेढे आणले, नातेवाइकांना जमीन दाखवून आणली. त्या दिवशी ती जमीन कोणाची होती? पूर्णपणे शेतकऱ्याचीच.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. विक्री म्हणजे मालकीचं हस्तांतरण, आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमीन-घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्रीचा करार, म्हणजे आपलं साठेखत, हे पुढे विक्री करण्याचं वचन. अशा करारामुळे मालमत्तेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही, असं तेच कलम म्हणतं. घेणाऱ्याला हक्क मिळतो तो विकणाऱ्याविरुद्ध: ‘ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून दे’ असं म्हणण्याचा आणि त्याने नकार दिला तर कोर्टात जाण्याचा.

दस्त वाचला की हा फरक डोळ्यांना दिसतो. साठेखतातली वाक्यं पुढच्या काळाबद्दल बोलतात: उर्वरित रक्कम अमुक तारखेपर्यंत द्यायची आहे, त्यानंतर खरेदीखत करून देण्याचे आहे. खरेदीखतात मालकी दिल्याचं आणि मिळकतीवर विकणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा काही हक्क उरला नसल्याचं लिहिलेलं असतं. दस्ताच्या माथ्यावर काय छापलंय यापेक्षा कोर्ट या मजकुराकडे बघतं.

आता आपल्या व्यवहाराकडे परत येऊ. मे महिन्यात शेजारून रस्ता जाणार अशी बातमी आली, भाव वाढला आणि शेतकऱ्याने तीच जमीन तिसऱ्या माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने विकून टाकली. तो अजून मालक होता, त्यामुळे त्याला मालकी देता आली. पहिल्या घेणाऱ्याच्या हातात काय उरलं, हे जानेवारीतल्या कागदावर ठरतं.

तो कागद म्हणजे नोटरीपुढे केलेली विसार पावती असेल आणि जमिनीचा ताबाही घेतलेला नसेल, तर पहिल्याची बाजू लंगडी पडते. तिसऱ्याने प्रामाणिकपणे, आधीच्या कराराची माहिती नसताना, पूर्ण पैसे मोजून जमीन घेतली असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 19 त्याला संरक्षण देतं. जमीन त्याच्याकडे राहते आणि पहिल्याला शेतकऱ्याकडून दहा लाख व नुकसानभरपाई मागत बसावं लागतं.

साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तर चित्र पालटतं. नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती पुढच्या खरेदीदाराला आहे असंच कायदा धरून चालतो. तो शोध न घेता आला असेल तर दोष त्याचा. अशा वेळी कोर्ट शेतकरी आणि तिसरा माणूस दोघांनाही सहभागी करून पहिल्याच्या नावे खरेदीखत करून द्यायला लावू शकतं. साठेखत नोंदवल्याने मालकी मिळत नाही, पण ती दुसरीकडे जाऊन हाताबाहेर होण्याची वाट बरीचशी अडते. म्हणून नोंदणीचा खर्च वाचवण्याचा सल्ला देणाऱ्या मध्यस्थाचं ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोर्टात जाण्यालाही मुदत आहे. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं, आणि नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. शिवाय आपण पैसे द्यायला सतत तयार होतो, हे घेणाऱ्याने सिद्ध करावं लागतं. इथे अनेक दावे गडगडतात. मुदत संपण्याआधी लेखी नोटीस पाठवलेली असणं आणि तीस लाखांची सोय होती हे बँकेच्या कागदांवरून दिसणं, या दोन गोष्टी नंतरच्या कोणत्याही तोंडी साक्षीपेक्षा भारी ठरतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ताबे साठेखतात. यात करारासोबतच जमिनीचा ताबा दिला जातो. महाराष्ट्रात अशा दस्ताला मुद्रांकासाठी विक्रीसारखंच धरतात, त्यामुळे खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. शुल्क पूर्ण भरलं, नोंदणी झाली, विहिरीवर मोटार बसवली, आता आणखी काय उरलं, असं माणसाला वाटणं साहजिक आहे. उरलेलं असतं खरेदीखतच. मुद्रांक शुल्क हा सरकारचा महसूल आहे. ते भरल्याने मालकी हलत नाही. आधी भरलेलं शुल्क पुढे त्याच व्यवहाराच्या खरेदीखतात वळतं करून मिळतं, म्हणून खर्चाच्या भीतीने खरेदीखत लांबवण्यात अर्थ नाही. कलम 53-अ अशा ताबेदाराला विकणाऱ्याने हुसकावण्यापासून ढालीसारखं वाचवतं, पण 24 सप्टेंबर 2001 नंतरच्या करारांना ते संरक्षण नोंदणी असेल तरच मिळतं. विकणारा मधेच वारला तर सात-बारावर त्याच्या वारसांची नावं लागतात. करार त्यांनाही बांधतो, पण सही घ्यायला आता एकाऐवजी पाच दारं झिजवावी लागतात. साठेखतासोबत कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवलं की झालं, हा समजही सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात खोडून काढला.

मग मालकी नेमकी कधी जाते? खरेदीखतावर सह्या होऊन त्याची नोंदणी झाली की. पण त्यातही एक बारकावा आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम 47 नुसार नोंदवलेला दस्त सहीच्या दिवसापासून लागू होतो. समजा, 3 जूनला खरेदीखतावर सह्या झाल्या आणि काही अडचणीने नोंदणी 10 जुलैला झाली. मधे 20 जूनला विकणाऱ्याने तीच जमीन दुसऱ्याला विकून त्याच दिवशी नोंदवली, तरी पहिल्याचा दस्त 3 जूनपासूनचा असल्याने तोच वरचढ ठरतो. मात्र सहीनंतर साधारणपणे चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी दाखल व्हावा लागतो. नोंदणी झालीच नाही, तर नुसत्या सहीने मालकी जात नाही.

हाच नियम विकणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. किंमत पूर्ण मिळालेली असणं ही विक्रीची अट नाही. काही दिली, काही द्यायचं कबूल केलं, तरी विक्री होते. पुढच्या तारखांचे चेक घेऊन नोंदणीकृत खरेदीखत करून दिलं आणि चेक परतले, तर मालकी बहुधा गेलेली असते. विकणाऱ्याचा त्या मिळकतीवर बाकी रकमेपुरता बोजा राहतो आणि वसुलीचा दावा करता येतो, पण पैसे आले नाहीत म्हणून जमीन आपोआप परत येत नाही. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी जाणार नाही असा पक्षांचा हेतू दस्तातून स्पष्ट होत असेल, तर गोष्ट वेगळी.

राहिला सात-बारा. खरेदीखतानंतर तलाठ्याकडे फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे महसूल गोळा करण्यासाठीचं दप्तर आहे, त्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि नोंद लांबली म्हणून जातही नाही. तरीही फेरफार रेंगाळू देऊ नये. बँक आणि पुढचा गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच उतारा मागतात, आणि त्यावर जुन्या मालकाचं नाव असेपर्यंत त्याला पुन्हा गिऱ्हाईक शोधायला वाव राहतो.