काउंटरवरच्या ताई लिहितात तेव्हा

तालुक्याच्या गावातला एक लहान दवाखाना डोळ्यांसमोर आणू. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, काउंटरवर एक ताई, आणि आत रक्ताचे नमुने घ्यायची सोय. भिंतीवर ‘रुग्णांसाठी सूचना’ असं शीर्षक असलेला कागद लावलेला आहे. नंबर लागला की तोच कागद व्हॉट्सॲपवरही पाठवला जातो. त्यातलं एक उत्तर असं आहे : ‘रुग्णांनी नमुना संकलनापूर्वी ८ ते १२ तास निराहार राहणे अनिवार्य आहे. सूचनांचे पालन न केल्यास चाचणी केली जाणार नाही.’

हा कागद वाचूनही लोक फोन करतात, आणि ताई त्यांना जे सांगते ते कागदावर कुठेच नसतं. ‘रात्री नऊपर्यंत जेवून घ्या. मग काही खाऊ नका, चहासुद्धा नको. पाणी प्या, पाणी चालतं. सकाळी सातला या, म्हणजे लवकर सुटाल.’ एवढ्यावर काम होतं. असा कागद नव्याने लिहायला घेतला की पहिलं काम लिहिण्याचं नसतंच, ऐकण्याचं असतं. काउंटरच्या बाजूला बसायचं, लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपायचं आणि ताई काय उत्तर देते तेही टिपायचं. ‘तपासणीपूर्व तयारी कशी करावी?’ असं कुणी विचारत नाही. लोक विचारतात, ‘चहा चालंल का?’ कागदावरचा प्रश्नही मग तसाच हवा, कारण माणूस आपला प्रश्न आपल्याच शब्दांत शोधतो.

जुन्या उत्तरात नेमकं काय बिघडलंय ते सावकाश पाहण्यासारखं आहे. उपाशीपोटी साखर मोजायची तर किमान आठ तास पोटात अन्न नको. चरबीच्या तपासणीसाठी डॉक्टर नऊ ते बारा तास सांगतात. ‘८ ते १२’ हा आकडा या दोन्ही तपासण्यांची मोट बांधून आलेला आहे. पण ज्याला फक्त साखर तपासायची आहे, त्या सत्तरीतल्या माणसाला बारा तास उपाशी ठेवण्याचं काहीच कारण नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी तर जेवून आलं तरी होते. मग पाण्याचा प्रश्न. ‘निराहार’ वाचून पुष्कळ लोक पाणीही सोडतात. उन्हाळ्यात असा कोरडा माणूस आला की शीर सापडत नाही, सुई दोनदा टोचावी लागते आणि चूक कुणाचीच नसते. याच्या उलटही होतं. एकादशी धरणाऱ्या बाई साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात आणि खरोखर मानतात की आपण उपाशी आहोत. मिश्री लावून येणाऱ्या तर कितीतरी असतात.

शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट. ‘चाचणी केली जाणार नाही’ असं वाचलेला माणूस चहा घेतला असला तरी ‘नाही घेतला’ म्हणतो. बारा किलोमीटरवरून आलेला असतो, आजची रोजी बुडवलेली असते. त्याला परत जायचं नसतं. धमकीने तो शिस्त शिकत नाही, खोटं बोलतो. साखर जास्त दिसते आणि त्या आकड्यावरून औषध ठरतं. सौम्य भाषेची गरज मला इथे दिसते. तिच्यामुळे माणूस खरं सांगतो.

ताईच्या बोलण्यातून तयार झालेलं नवं उत्तर असं :

‘उद्या उपाशीपोटी साखर तपासायची आहे. चहा चालेल का?
चहा नको, बिनसाखरेचाही नको. आज रात्री नऊपर्यंत जेवून घ्या आणि सकाळी सात ते नऊच्या दरम्यान या. मधल्या वेळात काही खाऊ नका. उपासाचे पदार्थ, तंबाखू, मिश्री यांतलंही काही नको. साधं पाणी मात्र हवं तेवढं प्या. चुकून काही खाल्लं-प्यायलं असेल तर काउंटरवर सांगा, कुणी रागावणार नाही. काय खाल्लं आणि किती वाजता, ते डॉक्टरांना विचारून आम्ही आज रक्त घ्यायचं की उद्या ते सांगू. डबा सोबत आणा. जेवणानंतरची साखरही तपासायची असेल, तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं असतं.’

पहिल्या दोन शब्दांत उत्तर आहे. कारणं आणि अपवाद मागून येतात. ‘नियम आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही, पण नियम पूर्ण आहे. चूक झालेल्या माणसालाही वाट ठेवली आहे. मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण कागद वाचणारे निम्मे लोक तरी तो चहा पिऊन झाल्यावर वाचतात.

इथवर ताईचं बोलणं पुरतं. औषधांच्या गोष्टीत मात्र थांबावं लागतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायला बहुधा हरकत नसते. थायरॉइडची तपासणी असेल तर गोळी बहुधा रक्त दिल्यावर घ्यायला सांगतात. हे सगळं कागदावर लिहिण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. ताई काउंटरवरून औषध सांगत नाही, तेव्हा कागदानेही सांगू नये. पण ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढंच लिहून सोडणं म्हणजे दार लावून घेणं. ताई असं म्हणेल : ‘सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं, ते तपासणी लिहून देतानाच डॉक्टरांना विचारून घ्या. विसरलात तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठमध्ये फोन करा, मी डॉक्टरांना विचारून सांगते. उपाशी असताना घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नका, लगेच साखर किंवा गूळ खा आणि आम्हाला सांगा. तपासणी दुसऱ्या दिवशीही करता येते.’ यातल्या प्रत्येक वैद्यकीय ओळीवर डॉक्टरांची नजर फिरलेली असली पाहिजे. भाषा ताईची, जबाबदारी डॉक्टरांची.

दुसरा प्रश्न वेळेचा. जुना कागद म्हणतो, ‘विलंबास दवाखाना जबाबदार नाही.’ वाचणाऱ्याला मात्र जबाबदारी ठरवायची नसते. एसटी कुठली पकडायची ते ठरवायचं असतं. इथे कागदावर हिशेब मांडून देता येतो. डॉक्टर दहाला बसतात, एका पेशंटला सरासरी दहा मिनिटं लागतात. पंधरावा नंबर असलेल्याच्या आधी चौदा जण, म्हणजे एकशे चाळीस मिनिटं, म्हणजे बारा वाजून वीस. मग उत्तर असं लिहावं : ‘पंधरावा नंबर असेल तर साधारण सव्वाबारा-साडेबाराला आत जाल. अकराच्या सुमाराला फोन केलात तर कितवा नंबर चालू आहे ते सांगते. तान्हं बाळ असेल, ताप चढलेला असेल, बसवत नसेल, तर नंबरची वाट बघू नका, आल्याबरोबर मला सांगा.’ ‘लगेच भेटतील’ असं मात्र कधी लिहू नये. गोड बोलून दोन तास बसवलेला माणूस रागाने बोललेलं विसरेल, पण हे विसरत नाही.

नकार देणारी उत्तरं सगळ्यात अवघड. ‘रिपोर्ट फोनवर सांगितले जाणार नाहीत’ हे वाक्य खरं असलं, तरी वाचणारा रात्रभर काळजीत असतो. ताई काय करते? ती आधी मिळेल ते सांगते, मग मिळणार नाही ते, आणि कारण एका ओळीत. ‘रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळतो. घरातल्या कुणालाही पावती देऊन पाठवा, तुम्ही स्वतः यायला नको. आकडे मी फोनवर सांगत नाही, कारण ऐकण्यात चूक झाली तर औषधात चूक होते, आणि फोनवर तुम्हीच आहात हे मला कळत नाही. काही तातडीचं निघालं तर डॉक्टर स्वतः तुम्हाला फोन करतात.’ शेवटची ओळ डॉक्टर खरंच तसा फोन करत असतील तरच लिहायची. नसतील करत, तर ओळ खोडायची किंवा पद्धत सुरू करायची. कागद नीट लिहायला बसलं की दवाखान्याच्या कारभारातल्या अशा फटी दिसू लागतात.

पैशांबद्दल थोडक्यात : आकडा लिहा. ‘शुल्क तपासणीनुसार’ हे वाचून गरीब माणूस यायचं टाळतो, कारण काउंटरवर विचारायची त्याला लाज वाटते.

या सगळ्यात माया वाढत जाऊन बिघडण्याचाही धोका असतो. काही जण प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला ‘काळजी करू नका, आम्ही तुमच्या सेवेसाठी आहोत’ असं घालतात. खरी ताई असं बोलत नाही. मागे रांग उभी असते. ती समोरच्या बाईंना ‘मावशी’ म्हणते, पण कागदाला समोर कोण आहे ते दिसत नाही, म्हणून कागदाने ‘तुम्ही’वरच राहावं. आणि एका प्रश्नात तर मायेलाही जागा नाही. छातीत दुखून घाम येतोय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, दम लागून बोलवत नाही, साप चावलाय. अशांसाठी कागदाच्या अगदी वर, ठळक, चार तुकडे हवेत : ‘इथे येऊ नका. फोन करण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा. मोठ्या हॉस्पिटलात जा.’ या चारांत दुसरा तुकडा मी खोडेन. घाबरलेल्या माणसाला एका ओळीत ‘फोन करू नका’ आणि पुढच्या ओळीत ‘फोन करा’ वाचायला लावायचं नाही. तीन तुकडे पुरेत.

कागद तयार झाला की तो डॉक्टरांना आवडला का, हे विचारून भागत नाही. बाकावर बसलेल्या कुणालातरी एक उत्तर वाचायला द्यावं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं, आणि ‘कळलं का?’ न विचारता ‘मग उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय कराल?’ असं विचारावं. ‘कळलं का’ला सगळेच ‘हो’ म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला कुणी म्हणतं, ‘उठीन, दात घासीन, गोळी घेईन, मग येईन.’ तेव्हा लक्षात येतं की गोळ्यांची ओळ खूप खाली गेली आहे. ती चहाच्या लगेच खाली आणायची आणि दुसऱ्या कुणालातरी पुन्हा वाचायला द्यायचं.