परीक्षा चालू असताना आलेला मेसेज

"अगं, पाचव्याचं उत्तर पाठव ना, वेळ संपतेय!" शिकवणी घेणाऱ्या ताईंना मैत्रिणीचा मेसेज आला. सोबत प्रश्नाचा फोटो: १०,००० रुपये, दर ९ टक्के, २ वर्षं, चक्रवाढ व्याज किती? "वर्गातल्या एकीचं १,६६४ आलंय, तेच टाकू?"

ताईंनी लगेच ओळखलं, हे ८ टक्क्यांचं उत्तर. ऑनलाइन परीक्षेत प्रश्न तोच ठेवून प्रत्येकाला वेगळे आकडे देता येतात. दुसरीच्या दराचं उत्तर आपल्या पेपरात सापडलं की नक्कल उघडी पडते. प्रामाणिकपणे चुकणारी बहुधा १,८०० लिहिते, सरळव्याज काढून. तिला निदान अर्धी रीत येते.

"आत्ता काही सांगणार नाही. संध्याकाळी वही घेऊन ये," ताईंनी कळवलं. मैत्रीण रुसली. आली, पण आठवडाभराने.