नाइटच्या आठ तासांचा हिशेब

दिल्ली किंवा मुंबईतल्या केंद्र सरकारी रुग्णालयात नव्याने लागलेल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 रुपये असतं. जानेवारी 2024 मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या 50 टक्क्यांवर पोहोचला. त्या दराने तिच्या पगाराची बेरीज करून पाहू. मूळ वेतन आणि 22,450 रुपये महागाई भत्ता मिळून 67,350 होतात. त्यात घरभाड्याचे 13,470, प्रवासाचे 5,400, नर्सिंग भत्त्याचे 9,000 आणि गणवेशाचे 2,250 मिळवले की कपातीपूर्वीचा पगार 97,470 रुपये होतो.

या पगारपत्रकात रात्रपाळीची ओळच नाही. नर्सिंग भत्ता हा रात्रपाळीचा मोबदला आहे असं अनेकांना वाटतं, पण तो बाह्यरुग्ण विभागात फक्त दिवसपाळी करणाऱ्या नर्सलाही तेवढाच मिळतो. महिन्यात आठ नाइट केल्या काय किंवा एकही केली नाही काय, आकडा हलत नाही.

रात्रीचा भत्ता मात्र सरकारी नियमांत आहे. जुलै 2020 च्या आदेशानुसार रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ रात्रपाळीची धरतात आणि या वेळेतल्या प्रत्येक तासामागे 10 मिनिटं जादा मोजतात. म्हणजे नाइट रात्री 8 ते सकाळी 8 अशी बारा तासांची असली, तरी हिशेबात आठच तास येतात आणि त्यांची 80 मिनिटं होतात. तासाचा दर काढायला मूळ वेतन अधिक महागाई भत्ता या रकमेला 200 ने भागायचं. आपल्या नर्सचा दर 336.75 रुपये येतो, एका रात्रीचे 449 आणि आठ रात्रींचे 3,592.

हे पैसे तिला मिळत नाहीत, कारण त्याच आदेशात मूळ वेतनाची कमाल मर्यादा 43,600 रुपये ठेवली आहे. तिची नोकरीच तिच्यापेक्षा 1,300 रुपये वर सुरू होते. वॉर्ड चोवीस तास चालतो, नाइट टाळता येत नाही, आणि पहिल्याच दिवशी ती या भत्त्याच्या बाहेर असते. मला हे अन्यायाचं वाटतं. जास्त पगाराच्या अधिकाऱ्याला कधीतरी रात्री थांबावं लागलं, तर मर्यादा समजू शकते. इथे रात्रपाळी हा कामाचा नेहमीचा भाग आहे.

मर्यादेखालच्या कर्मचाऱ्यालाही हा भत्ता आपोआप लागत नाही. रात्रीचं काम आवश्यक होतं, असं वरिष्ठांनी प्रमाणित करावं लागतं. रात्रपाळीची सवलत आधीच कामाचे तास कमी करून दिलेली असेल, तर वेगळे पैसे देत नाहीत. म्हणून पगारपत्रकाशेजारी महिन्याचं ड्युटी रोस्टर ठेवून रात्री मोजाव्यात. 29,200 मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याला याच दराने रात्रीचे 292 रुपये मिळायला हवेत, आठ रात्रींचे 2,336.