राउटर हातात नसताना गेमचा सर्व्हर

पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला, तर त्याच खोलीतला मित्र लगेच खेळात शिरतो. कोल्हापूरच्या मैत्रिणीला मात्र तो सापडतच नाही. घरी असता तर त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 25565 हा पोर्ट उघडून दिला असता, पण इथला राउटर वसतिगृहाचा. बऱ्याच घरांतही हा मार्ग बंद असतो, कारण इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपले घर बहुधा अशाच सामायिक पत्त्यामागे आहे. मग पोर्ट उघडूनही काही उपयोग होत नाही.

बाहेरून आत येणारी जोडणी अडते, पण आतून बाहेर जाणारी सहसा अडत नाही. टनेल सेवा नेमक्या यावर चालतात. लॅपटॉपवरचा छोटा प्रोग्राम इंटरनेटवरच्या एका मधल्या सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करतो आणि ती उघडी ठेवतो. मैत्रीण त्या मधल्या सर्व्हरच्या पत्त्यावर येते आणि तिचा डेटा त्या उघड्या जोडणीतून लॅपटॉपपर्यंत पोहोचतो. बाहेरच्यांसाठी दारात उभा राहणारा हा मधला सर्व्हर म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. प्लेइटसारखी सेवा तो तयार देते. स्वतःचा हवा असेल, तर भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर `frps` आणि लॅपटॉपवर `frpc` चालवता येतो. लॅपटॉपकडची फाइल साधारण अशी असते:

```toml
serverAddr = "203.0.113.10"
serverPort = 7000

[[proxies]]
name = "mc"
type = "tcp"
localIP = "127.0.0.1"
localPort = 25565
remotePort = 25565
```

खरा प्रश्न यानंतर येतो: हा मधला सर्व्हर कुठल्या गावात आहे? समजा तो सिंगापुरात आहे. मैत्रिणीने एक ठोकळा फोडला, की तो संदेश कोल्हापूरहून सिंगापूरला आणि तिथून पुण्याला जातो. उत्तरही त्याच वाटेने परत येते. दोन गावांमधले अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत, पण एका कृतीसाठी समुद्र चार वेळा ओलांडावा लागतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आहे. म्हणजे चार फेऱ्यांचे जवळपास 78 मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जातात. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर दर 50 मिलिसेकंदांनी जगाची स्थिती पुढे नेतो. घर बांधताना एवढा उशीर खपतो, पण तलवारीच्या लढाईत वार हुकतात. मधला सर्व्हर मुंबईत असेल, तर समुद्र ओलांडण्याची गरजच उरत नाही.

सर्व्हर चालवणाऱ्याला हा त्रास जाणवतच नाही, कारण तो स्वतः थेट लॅपटॉपवरच खेळतो. म्हणून मोजमाप खेळाडूकडून घ्यावे. सर्व्हरच्या यादीतल्या सिग्नलच्या रेघांवर माउस नेला, की मिलिसेकंदांचा आकडा दिसतो. तो सतत जास्त असेल, तर दोष अंतराचा. एरवी कमी असून मधूनच उसळत असेल, तर वाय-फाय किंवा अपलोड तपासावे. आकडा चांगला असूनही खेळ अडखळत असेल, तर पेपर सर्व्हरवर `/tps` ही आज्ञा द्यावी. उत्तर 20 पेक्षा बरेच खाली असेल, तर लॅपटॉप दमला आहे. टनेल बदलून फरक पडणार नाही.

उसळीचे आणखी एक कारण टनेलच्या रचनेत असते. `frp` नेहमीच्या मांडणीत सगळ्या खेळाडूंचा डेटा एकाच टीसीपी जोडणीतून नेतो. टीसीपी क्रम मोडत नाही, त्यामुळे एकाचे पाकीट हरवले, की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सगळेच थांबतात. वसतिगृहाच्या कमकुवत वाय-फायवर सगळे खेळाडू एकदम गोठतात ते यामुळेही. दोन्हीकडे क्विक हा प्रोटोकॉल वापरल्यास प्रत्येकाची वाट वेगळी राहते. मात्र वसतिगृहाच्या नेटवर्कवर यूडीपी चालू हवे.

चार-पाच ओळखीचेच खेळणार असतील, तर टेलस्केल हा अधिक जवळचा रस्ता आहे. तो प्रत्येकाला आपल्या संगणकावर बसवावा लागतो, पण जमले तर तो दोन संगणक थेट जोडतो आणि मधला वळसाच टळतो. जमले की नाही, हे `tailscale ping` सांगतो. उत्तरात `via DERP` आले, तर डेटा अजून मधल्या सर्व्हरवरूनच जात आहे, आणि यूडीपी बंद असलेल्या नेटवर्कवर बहुधा तसेच होते. तेव्हा आधी टेलस्केल तपासावा. थेट जोडणी झाली नाही किंवा अनोळखी खेळाडूही यायचे असतील, तर मुंबईतला छोटा सर्व्हर घ्यावा. पत्ता सगळ्यांना खुला होणार असल्याने, सोबत `server.properties` मध्ये `white-list=true` करून फक्त नोंदवलेल्या नावांनाच आत घ्यावे.