दुसऱ्या डोसाआधीचे सात महिने

नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस दिली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, छाती घरघरू लागली. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिल्यावर बाळ सावरलं. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांदरम्यान असतो. आजी म्हणते, आता सुई नकोच. बाबा म्हणतात, गोवर आला तर?

तोवर किमान सात महिने हाताशी आहेत. या काळात तीच लस नेहमीच्या केंद्रावर मात्र घ्यायची नाही.

आधी कार्ड उघडा. नवव्या महिन्याला एकच सुई नसते. न्यूमोकोकलचा बूस्टर आणि पोलिओचा त्वचेतला डोसही बहुधा त्याच दिवशी दिला जातो. म्हणजे संशयित तीन. कोणती लस, बॅच नंबर काय, किती मिनिटांनी काय झालं, हे केंद्रातून लिहून घ्या. नुसता ताप किंवा टोचल्या जागी सूज आली असेल, तर ती ही अ‍ॅलर्जी नव्हे.

कागद घेऊन अ‍ॅलर्जी तज्ज्ञाकडे जायचं, पण घटनेनंतर चार-सहा आठवड्यांनी, कारण लगेच केलेली त्वचा-चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बहुतेकांचा संशय अंड्यावर जातो. गोवरच्या लसीत मात्र खरा गुन्हेगार बरेचदा जिलेटिन निघतो. लस टिकावी म्हणून ते अनेक कंपन्या घालतात. जेली किंवा मऊ गोळ्या खाल्ल्यावर बाळाच्या अंगावर काही उठलं होतं का, हे आठवून सांगा. चाचणी त्याच लसीची आणि जिलेटिनचीही होते. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीची औषधं थांबवावी लागतात, नाहीतर त्वचा गप्पच राहते.

चाचणी निगेटिव्ह आली, तर डोस रुग्णालयात देतात आणि निदान तासभर बसवून ठेवतात. पॉझिटिव्ह आली, तर आधी रक्तातल्या अँटिबॉडीज बघायच्या. नऊ महिन्यांच्या पहिल्या डोसाने सुमारे ८५ टक्के मुलांना गोवरपासून संरक्षण मिळतं. गोवर आणि रुबेला दोन्हींच्या अँटिबॉडीज पुरेशा असतील, तर दुसरा डोस टाळता येतो.

नसतील, तर लस थेंबाथेंबानं देतात: दहापट पातळ केलेली ०.०५ मिली, मग मूळ लस ०.०५, ०.१, ०.१५, ०.२ मिली, दर पंधरा मिनिटांनी. हे काम घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं नव्हे. शेजारी भरलेलं अ‍ॅड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि सलाइन तयार हवं. आठ किलोच्या बाळाला अ‍ॅड्रेनॅलिन लागतं जेमतेम ०.०८ मिली, तेही लगेच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. अ‍ॅलर्जीचं सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही.

जिलेटिनचीच अ‍ॅलर्जी ठरली, तर ते कार्डावर लाल पेनानं लिहून घ्या. जिलेटिन असलेल्या इतर लसींच्या वेळीही ती नोंद उपयोगी पडते. बाकीच्या लसी वेळेवर चालू ठेवायच्या.